दोनशे पासष्ट सांधे

अझहर मुकादमला ओळखायचं असेल तर आधी त्याचा कंटाळा ओळखावा लागतो. सकाळी खोपोलीहून मोटारसायकल काढून तो कर्जतला येतो, दहिवलीच्या बाजूला बुधाजीच्या पिठाच्या गिरणीवर जी पत्र्याची खोली आहे तिच्या बारा पायऱ्या चढतो, खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "चला ताई, आज काय पाप निस्तरायचं हाय?" हे तो गेली चार वर्षं म्हणतोय. मी गेली चार वर्षं त्याला सांगतेय की पाप तुझंच असतं, निस्तरायला मात्र मला बसवतोस.

मी सुनंदा. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले. घरात बसून भांडी मोजण्यापेक्षा बरं म्हणून या कामाला लागले. मुंबईची एक संस्था अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं बोलकी करून घेते. कर्जतला ते काम तिघं करतो. वाचायला भिवाजी गायकर सर, पुस्तक समोर धरून चुका टिपायला मी, आणि रेकॉर्डिंग करून कापून जोडायला अझहर. करतो म्हणजे करत होतो. सरांचं पुढे सांगतेच.

अझहरच्या वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, उरूस असो, सत्यनारायण असो, खालापूर तालुक्यात भोंगा मुकादमांचाच. त्यात अझहर लहानाचा मोठा झाला, म्हणजे कान मोठ्या आवाजावर पोसलेले. पुढे लग्नांच्या व्हिडिओला गाणी जोडायला लागला. त्या कामात बारीकसारीक काही ऐकू येत नाही आणि कुणी ऐकतही नाही. नवरा-नवरी दिसली, गाणं वाजलं, झालं. पण माणूस हातचा पक्का. कामाला नाही म्हणायचं त्याला जमत नाही, म्हणून तो सतत दमलेला असतो. त्याची बायको सफुरा मला एकदा म्हणाली, "ताई, यांना आराम सांगा. आमी सांगितला तर डबा न घेताच निघतात." मी सांगितला. तो म्हणाला, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक काम घेऊन आला.

आमची काम करायची रीत जगाच्या उलटी होती. खाली गिरणी, म्हणून आवाज रेकॉर्ड करायचा तो लाइट गेल्यावर. लाइट गेली की बुधाजीची गिरणी थांबते, पंखे थांबतात, समोरच्या वेल्डिंगवाल्याचं तोंड आणि यंत्र दोन्ही बंद होतं. त्या शांततेत अझहर सेलवर चालणारा रेकॉर्डर सरांपुढे ठेवायचा आणि सर वाचायला लागायचे. कर्जतमधली सगळी माणसं लाइट गेली की शिव्या द्यायची, आम्ही तिघं पुस्तक उघडायचो. लाइट आली की खाली गिरणी घरघरायला लागायची आणि सरांचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. पुढची लाइट जाईपर्यंत तेवढंच.

आणि कापून जोडायचं काम? त्याला संगणक लागतो, संगणकाला लाइट लागते, म्हणजे गिरणी चालू. तेव्हा सरांचा शांततेत घेतलेला आवाज अझहर रोज गिरणीच्या घरघरीत बसून कापायचा, तेही साध्या स्पीकरवर. यात काही चुकतंय हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी तर शहाणी म्हणवते.

गायकर सर कोंडाण्याचे. भूगोल शिकवण्यात हयात गेली. आवाज असा की नदीचं खोरं सांगायला लागले की पोरं वहीत न बघता खिडकीबाहेर डोंगराकडे बघायची. हे भूगोलाचं पुस्तक त्यांनी जूनमध्ये वाचायला घेतलं. आठ पाठ. फेब्रुवारीत शेवटचा पाठ संपला, अझहरने फायली पाठवल्या, आणि शिमग्याच्या चार दिवस आधी सकाळी दात घासताना सर खाली पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं, पण तोंडातून फक्त "हा" निघतो.

एप्रिलमध्ये संस्थेतून रियाचा फोन आला. ही मुलगी आलेलं रेकॉर्डिंग तपासते, आणि स्वतःला दिसत नसल्यामुळे कानांनी तपासते. तिच्या तावडीतून काही सुटत नाही.

"सुनंदाताई, सरांचा आवाज फार छान आहे," ती म्हणाली. असं सुरू झालं की पुढे 'पण' येणार हे मी नोकरीत शिकले आहे. "पण मध्येमध्ये कुणीतरी नखाने टेबलावर टिचकी मारतंय. वाक्याच्या मध्ये, शब्दाच्या आधी, कुठेही. आमची मुलं तासन्‌तास हेडफोन लावून अभ्यास करतात. त्यांना ते सहन होणार नाही."

"आमच्याकडे टेबलाला कुणी हात लावत नाही," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"मग कापलंय तिथला आवाज असेल. नीट जोडलं नसेल. मेअखेर पुस्तक द्यायचंय. सर पुन्हा वाचतील का तेवढं?"

मी सरांचं सांगितलं. ती म्हणाली की असं असेल तर तिला वाईट वाटतं, पण या टिचक्या राहिल्या तर पुस्तक यंत्राच्या आवाजात करायचं असं वरून ठरलंय. सरांचं काढून टाकतील. तीन आठवड्यांत दुरुस्त करून दिलं तर ती स्वतः सरांच्या आवाजासाठी भांडेल.

सर आता आयुष्यात पुन्हा वाचणार नव्हते. हे शेवटचं पुस्तक, आणि ते आमच्या गलथानपणामुळे जाणार होतं. मी फोन ठेवला आणि अझहरवर ओरडले. तो ऐकून घेत राहिला. मग शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून कान गच्च झाकणारे दोन हेडफोन आणले आणि दुपारी, बुधाजी एक ते चार गिरणी बंद ठेवून जेवायला आणि झोपायला जातो तेव्हा, आम्ही पहिला पाठ लावला. गिरणी बंद आणि लाइट चालू, अशा वेळी कापून जोडलेलं काही आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो; दिवाळीनंतर या वेळेत सर वाचत असायचे.

टिक. मग दोन वाक्यं नीट. मग पुन्हा टिक.

अझहरचा चेहरा पडला. "हे माझंच हाय," तो म्हणाला.

त्याने पडद्यावर आवाजाची रेघ मोठी करत नेली, इतकी मोठी की एकेक लाट वेगळी दिसायला लागली. टिक झालं तिथे रेघ वर चढता चढता एकदम खाली आपटली होती, सरळ उभी. "बघा, हितं कापलं तवा लाट वर व्हती. पुढचा तुकडा सुरू झाला तो खालून. स्पीकरच्या पडद्याला वरून खाली एका झटक्यात यायला लागतं. लाट असली तर तो सावकाश येतो, हितं नुसती उडी हाय. त्या उडीचा आवाज येतो."

"मग आता?"

"सांध्यावर दोन्ही तुकडे जरासे एकावर एक चढवायचे. पयला उतरत जातो, दुसरा चढत जातो. उडी राहत नाय. क्रॉसफेड म्हणतात त्याला. गाण्यांना करतोच की आपण."

"मग इथे का नाही केलंस?"

"गाण्यात एक संपून दुसरं लागलं ते कळतं ताई. हितं मला सांधा ऐकायलाच येत नव्हता."

खाली गिरणी होती, त्याला ऐकू येणार कसं! मला तेव्हा त्याचा राग यायला हवा होता, पण मीही तिथेच बसून सगळं तपासत होते आणि प्रत्येक पाठाला 'ठीक' लिहून सही करत होते.

दुसरा घोळ पुढेच होता. त्याचा संगणक जुना, जागा कमी. त्यामुळे एक पाठ जुळवून झाला की अझहर त्याची एकच सलग फाइल करायचा आणि मूळ रेकॉर्डिंग, तुकडे, सगळं पुसून टाकायचा. तुकडे असते तर सगळे एकदम निवडून प्रत्येक सांध्यावर क्रॉसफेड द्यायला दहा मिनिटं पुरली असती, शिवाय कापलेल्या जागेच्या आजूबाजूचा आवाजही वापरायला मिळाला असता. आता टिचक्या पाठांत मुरल्या होत्या. एकेक सांधा कानाने शोधायचा, तिथे पुन्हा कापायचं आणि पुन्हा जोडायचं. दुसरा मार्ग नव्हता.

दुसरा मार्ग नाही हे पटायला आम्हाला चार दिवस लागले. आधी अझहरने टिचक्या आपोआप काढणारी सोय लावून पाहिली. तिने टिचक्या काढल्या आणि बरोबर सरांचे ट आणि क पण बोथट केले, कारण तिच्या लेखी तीही टिचकीच. सरांचा 'तट' ऐकवेना. मग त्याने गाण्यांच्या सवयीने लांबलचक क्रॉसफेड दिले, पाव-पाव सेकंदाचे. टिचक्या गेल्या, पण 'पर्जन्य' मधला प गेला आणि दोन-तीन जागी सर स्वतःच्याच आवाजावर बोलायला लागले. तो नमुना रियाला पाठवला तर ती म्हणाली, "आता सर एकटे नाहीत, दोघं आहेत."

"किती ठेवू मग?" अझहरने फोनवरच विचारलं. घाम पुसत होता.

"आमच्याकडे बोलण्याला सेकंदाचा शंभरावा भाग ठेवतात. उडी जायला तेवढा पुरतो, आणि शब्द खाल्लेला कळत नाही. नुसत्या शांततेतला सांधा असेल तर थोडा लांब चालेल."

तेच बरोबर निघालं. सांध्यावर कापायचं, पुढचा तुकडा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका मागे सरकवायचा, तेवढ्यात एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने चढायचं. शंभरावा भाग म्हणजे काही नाहीच, पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेवढ्यासाठी आम्ही उरलेले अडीच आठवडे घालवले. माझ्या कानात हेडफोन, हातात पुस्तक आणि पेन्सिल. टिक ऐकू आलं की हात वर करायचा. अझहर थांबवायचा, रेघ मोठी करायचा, उभी उडी शोधायचा, कापायचा, सरकवायचा, पुन्हा ऐकवायचा. मी मान हलवली की पुढे. वर तापलेला पत्रा. पंख्याची घरघर हेडफोनमध्ये शिरते म्हणून पंखा मीच बंद करायला लावलेला. चार वाजले की बुधाजी खालून ओरडायचा, "चालू करतो रं!" आणि त्या दिवसाचं काम संपायचं.

माझी पाठ आणि डोकं दोन्ही दुखायचं. घरी येऊन कुकरची शिटी झाली तरी माझा हात वर जायचा. अझहरचे डोळे लाल झाले होते. एकदा काम चालू असताना तो बसल्या जागी झोपला आणि मी त्याला उठवलं नाही. मलाही तेवढाच आराम.

सांधे मोजायची सवय माझी. ग्रंथालयात राहिलेल्या बाईला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या पाठात चौदा निघाले. दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात सतरा, चौथ्यात पंधरा. पाचव्यात सव्वीस. सहाव्यात एक्केचाळीस झाले तेव्हा मी म्हटलं, "लाइटवाल्यांनी या पाठाला फारच छळलं." सातव्यात अठ्ठावन्न. आठव्यात त्र्याऐंशी.

आठवा पाठ संपला त्या दुपारी चार वाजायला वीस मिनिटं होती. अझहरने हेडफोन काढले आणि माझ्या कागदाकडे बघत बसला.

"ताई, लाइट जास्त कवा जायची?"

"पावसाळ्यात. तेव्हा तर दिवसातून पाच पाच वेळा."

"पावसाळ्यात आपण कुठले पाठ केले?"

दुसरा, तिसरा आणि चौथा. अकरा, सतरा, पंधरा. दिवाळीनंतर लाइट फारशी गेली नव्हती. दुपारी शांतता मिळावी म्हणून आम्ही बुधाजीच्या झोपेची वेळ धरायचो, तीन-तीन तास सलग. तरी सांधे चौपट.

मग मला एकेक आठवायला लागलं. दिवाळीनंतर सर एखादा शब्द दोनदा घ्यायचे. 'गाळाचं… गाळा… गाळाचं मैदान.' मी पेन्सिलने खूण करायचे, अझहर कापायचा, सर हसून म्हणायचे, "माफ करा हां." पुढे दोनदाचं तीनदा झालं. संक्रांतीनंतर एक-एक ओळ चार तुकड्यांत यायला लागली. शब्दाचा शेवट सैल पडायचा. मी पुस्तक मिटून त्यांना म्हटलं होतं, "सर, आज तुमचं लक्ष नाही. घरी जाऊन उद्या या." ते ओशाळले होते. चष्म्याचा नंबर बदलायला झालाय म्हणाले. मी म्हटलं, मग बदला की.

हे सगळं आमच्या समोर झालं होतं. माझ्या पेन्सिलीच्या खुणा पुस्तकात होत्या, पानागणिक दाट होत गेलेल्या. जगात कुणी त्या माणसाचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकत असेल तर आम्ही दोघं. आणि आम्ही काय केलं, तर नीट कापून फेकून दिलं.

"आपल्या कानाला कळलं होतं, ताई," अझहर म्हणाला. "डोक्यात शिरलं नाय."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्यानेही पाणी दे वगैरे केलं नाही. खाली गिरणी सुरू झाली.

रियाने आठही पाठ तीन दिवसांत ऐकले. एकही सांधा सापडला नाही असं तिने कळवलं, आणि तिने शोधून पाहिला होता. पुस्तक सरांच्याच आवाजात जाणार हे नक्की झालं. इतर वेळी अझहरने भजी मागवली असती. या वेळी तो म्हणाला, "कोंडाण्याला जाऊन येऊ."

सर ओटीवर खाटेवर होते, उशीला टेकून. त्यांच्या पत्नी सोनावहिनींनी त्यांचे केस विंचरले होते. अझहरने छोटा स्पीकर काढला आणि आठवा पाठ लावला. सरांचा आवाज ओटीभर झाला, शांत, भरदार, कुठे खळखळ नाही, खड्डा नाही. सर डोळे मिटून ऐकत होते. डावा हात छातीवर. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

सोनावहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. पाठ संपल्यावर पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "किती सरळ वाचलंय ओ. कवाचं हाय हे?"

"फेब्रुवारीतलं," मी म्हटलं.

"म्हणजे पडायच्या आधी महिनाभर." त्यांचा चेहरा उजळला. "बघा. डाक्टर मला सारखा इचारतो, आधी बोलण्यात काय फरक पडला व्हता का, अडखळत व्हते का. आधी आणलं असतं तर इलाज झाला असता म्हणतो. मी सांगितलं, नाय, आदल्या रातीपावेतो धडधाकट. त्याला वाटतं मी लक्ष दिलं नाय. आता हेच ऐकवते त्याला."

अझहरने माझ्याकडे पाहिलं. शेवटी तोच बोलला.

"काकी, हे असं नव्हतं. मी कापून सरळ केलंय." तो खाली बघत होता. "सर दिवाळीपासून अडखळायचे. ह्या पाठात त्र्याऐंशी जागी कापलंय."

वहिनींना आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं. सगळं, माझ्या पेन्सिलीसकट, मी त्यांना रागावले होते त्यासकट. सर डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता, लाज होती, आणि ती मला रागापेक्षा जड गेली. ते सगळं ओळखून होते की काय, हे आता विचारून उपयोग नव्हता.

वहिनी बाहेर बघत होत्या. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मला वाटलं, आता या आम्हाला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर बरं होईल.

"घरात बोलायचेच नाय," त्या म्हणाल्या. "हिवाळा लागल्यापासनं. इचारलं की म्हणायचे, घसा राखून ठेवतोय, वाचायचं हाय. मी म्हटलं, बरं हाय, पुण्याचं काम हाय." मग अझहरकडे वळल्या. "अडखळलेलं तुमच्याकडं असंल नं? ते द्या मला."

"डाक्टरला दाखवायला?"

"मला ऐकायला, रं. त्या दिवसांतलं माझ्याकडं काय पन नाय."

तेव्हा मीच सांगितलं की ते पुसून टाकलंय, जागा नव्हती म्हणून.

सोनावहिनींनी मान हलवली. सर खाटेवरून "हा" म्हणाले, पुन्हा "हा" म्हणाले, आणि काय हवंय ते आमच्या तिघांपैकी कुणालाच कळलं नाही.